ताईंना ग्रुपमध्ये घ्यायचं राहिलं

मी मांडवा जेट्टीवरच्या तिकीट-ऑफिसचा मोबाईल बोलतोय. जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, माझ्या बॅटरीची शपथ. आता बॅटरी तशी माझी नाही. दोन वर्षांपूर्वी अलिबागच्या एका दुकानदाराने कुणा मेलेल्या मोबाईलची काढून माझ्या पोटात घातली. तेव्हा शपथ जरा ढिली धरा. पण माणसं खरी आहेत, आणि माणसं खरी असली की थोडं इकडचं तिकडे झालं तरी चालतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ते मला आठवत नाही. आठवतं ते खोक्यातून बाहेर आलो तो दिवस. माझ्या स्वागताला जेट्टीवर चक्क बँड वाजत होता! म्हणजे मुंबईहून लग्नाचं वऱ्हाड बोटीतून उतरत होतं, बँड त्यांचा होता. पण वाजला अगदी माझ्या वेळेला, एवढं खरं.

माझी पहिली मालकीण मृणालीताई. तिकिटाच्या खिडकीत बसणारी. तेव्हा तिशीतली, आता चाळिशीला टेकलेली, आवाज भोंग्यासारखा. "शेवटची बोट किती वाजता?" हा एकच प्रश्न मला दिवसातून साठ वेळा यायचा आणि ताई साठही वेळा न चिडता उत्तर द्यायची. चिडायची ती माझ्यावर. वारा सुटला की तिकिटांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून मला ठेवायची. चहाचा पेला माझ्या पाठीवर ठेवायची. तरी मी तिचाच होतो. पाच वर्षांत तिच्या हाताचा घाम मला ओळखीचा झाला होता.

मग गेल्या चैत्रात ती पडली. बोट लागते त्या तराफ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. ताई एका आजीबाईंना उतरवून घेत होती. आजीबाई सुखरूप उतरल्या आणि ताईचा पाय सटकला. तिच्या एका हातात मी होतो, दुसरा हात कठड्याकडे गेला आणि एका हाताने भागेना. दोन्हींतलं एक सोडायचं होतं. तिने मला सोडलं.

मी थेट समुद्रात. खाली गेलो तर एक डॉल्फिन येऊन मला नाकावर घेऊन... बरं, राहू द्या. मी तुळशी कोळणीच्या पाटीत पडलो, बांगड्यांवर. तीन दिवस वास गेला नाही. पण मनातून सांगतो, त्या कठड्याचा मला अजून राग येतो. गंजका, मुका, ना रिंगटोन ना काही. त्याला धरलं आणि मला टाकलं!

धरूनही उपयोग झाला नाही. ताईचा पाय घोट्याच्या वर दोन ठिकाणी मोडला. आत सळई घातली, ती नीट बसली नाही म्हणून दुसरं ऑपरेशन झालं. सात महिने रजा.

खिडकीत प्राप्ती आली. ती आधी बाहेर पार्किंगच्या पावत्या फाडायची, उन्हात, छत्रीखाली. चोवीस-पंचवीसची पोर, वडील टेम्पोवर, घरची मिठागरं कधीच गेलेली. पहिल्या दिवशी तिने मला हातात घेतलं, नाक मुरडलं, आणि पदराच्या— नाही, ओढणीच्या टोकाला सॅनिटायझर लावून माझा काना-कोपरा पुसला. बांगड्याचा शेवटचा वास त्या दिवशी गेला. आठवड्याने तिने स्वतःच्या खिशातून मला निळं कव्हर आणलं. पाच वर्षांत कुणी मला कपडा घेतला नव्हता हो! मी तिचा झालो. कायमचा झालो. माणसं निष्ठा बदलतात तेव्हा त्यांना नावं ठेवतात, मोबाईलला कुणी ठेवत नाही.

आता कामाचं सांगतो, कारण सगळी गंमत त्यात आहे.

आमच्याकडे पूर्वी एकच ग्रुप होता, ‘जेट्टी परिवार’. बोटीच्या वेळा, वाढदिवस, हरवलेली छत्री, देवाचे फोटो, सगळं त्यातच. पावसाळ्यात बोटी बंद असतात. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला तेव्हा आमच्या केतन सरांनी, म्हणजे मांडव्याच्या मॅनेजरांनी, कामासाठी वेगळा ग्रुप काढला. ‘मांडवा फेऱ्या’. नियम कडक. गेटवेहून बोट सुटली की तिकडची माणसं वेळ आणि माणसं किती ते टाकणार. इकडे बोट लागली की गेटवरचा माणूस ‘लागली’ टाकणार. आणि अलिबागची बस बोट लागल्यापासून बारा मिनिटांत सुटणार. थांबवायची असेल तर मांडव्याच्या ऑफिसने ग्रुपमध्ये तसं लिहायचं. लिहिलं नाही तर बस गेली. फुलं नाहीत, सुप्रभात नाही, नुसतं काम.

मग जुन्या ग्रुपचं काय झालं? जे होतं तेच. सगळ्यांनी त्याचा आवाज बंद करून टाकला. संध्याकाळी चहा पिताना कुणी उघडला तर उघडला.

नव्या ग्रुपमध्ये सगळ्यांना घेतलं, मृणालीताईला सोडून. वाईट बुद्धीने नाही. केतन सर म्हणाले, "ताईंना कशाला? दिवसाला दीडशे मेसेज येतात. पेशंट माणूस, आराम करू दे." अशी ती दयाबुद्धीने बाहेर राहिली. आणि तिला कुणी सांगितलंही नाही की तू बाहेर आहेस.

नोव्हेंबरात खबर आली, ताई सोमवारी रुजू होणार.

जेट्टीवर जणू गणपती यायचे होते. वली चाचा, म्हणजे आमच्या मोठ्या बोटीचे तांडेल, दाढी मेंदीने रंगवून आले. बस चालवणाऱ्या रितेशने खिडकीला झेंडूची माळ बांधली. जुन्या ग्रुपमध्ये तर विचारू नका. केतन सरांनी ‘वेलकम बॅक ताई’ असं टाकलं आणि मागोमाग फुगे, हार, नाचणारी बाहुली, केक, परत हार. मी मोजले. त्रेसष्ट मेसेज.

प्राप्ती माझ्या पडद्यावर बोट फिरवत ते वाचत होती. वर नेलं, खाली आणलं, परत वर.

"माझ्या सात महिन्यांत मला किती आले रे?" तिने विचारलं. मलाच विचारलं, दुसरं कुणी नव्हतं.

मला आकडा माहीत होता. पहिल्या दिवशी रितेशने एक अंगठा दाखवला होता. एक.

माझ्या पोटात अशी आग पडली म्हणून सांगू, तापमानाची सूचनाच आली. खोटं नाही. ती नको बाई, आपली हीच बरी, असं मला वाटत होतं. आणि जी सात महिन्यांपूर्वी उन्हातून आत आली तिला परत बाहेर घालवायला ही दुसरी काठी टेकत येतेय, असं वाटत होतं. कारण ताई आली तर प्राप्तीचं काय, हे ठरलेलं नव्हतं. केतन सरांनी खरं ते दोघींनाही सांगितलं होतं. प्रश्न ताईच्या पायाचा. खिडकी झेपते का ते तिने आठवडाभर बघायचं आणि शनिवारी सांगायचं. झेपली तर खिडकी तिची. नाही झेपली तर तिचा राजीनामा, आणि प्राप्ती कायम.

सोमवारी ताई आली. काठी, एका पायात जाड बूट, आणि हातात नवा कोरा मोबाईल! तीन डोळ्यांचा. नवऱ्याने आजारपणात घेऊन दिलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं बाई, हा खटारा अजून जिवंत हाय?" सगळे हसले. मीही कंप सुरू असल्यागत थरथरलो, पण ते हसू नव्हतं.

वली चाचांनी तिला खुर्ची पुढे केली. "बैस बेटी. तुझ्याशिवाय बोट वेळेवर सुटायची, पण मजा नव्हती."

"चाचा, वेळेवर सुटायची म्हणजे माझ्या वेळी उशिरा सुटायची काय?"

"अल्लाह खैर करो, आली तशी भांडायला लागली!"

पुन्हा हशा. प्राप्ती कोपऱ्यात उभी राहून नाण्यांची पुडकी उगाचच सरळ करत होती.

केतन सरांनी तिला बाजूला घेतलं. बोलले ते शहाणपणाचं होतं, एरवी मी त्यांना शहाणं म्हणत नाही. "प्राप्ती, तू ताईंना नव्या ग्रुपमध्ये ॲड कर. ऑफिसच्या फोनवरूनच करता येईल, तो ॲडमिन आहे. आणि ध्यानात ठेव, नव्याने आलेल्याला मागचे मेसेज दिसत नाहीत. नुसतं ॲड केलंस तर त्यांना कोरं पान दिसेल. काय काय बदललं ते दहा ओळींत लिही आणि वर पिन कर. आजच्या दिवस त्यांना फक्त वाचू दे. उद्यापासून त्यांनी लिहायचं. एकदम ओझं नको."

"हो सर."

एवढंच. हो सर. मग साडेनऊची बोट आली, गर्दी झाली, ती मला घेऊन गेटवर गेली. कारण आता खिडकीत ताई बसायची आणि गेटवर उभं राहणं प्राप्तीकडे आलं होतं. दुपारी तिने ग्रुप उघडला. सदस्यांच्या यादीपर्यंत गेली. ‘सदस्य जोडा’ वर बोट ठेवायला आली आणि मला खिशात टाकलं.

"करू उद्या," ती म्हणाली.

मी म्हणालो, कर ना सावकाश. घाई कसली.

मंगळवारी अकराच्या बोटीने चोवीस म्हातारी माणसं यायची होती. कुठलंसं ज्येष्ठांचं मंडळ, अलिबागला उतरून पुढे पालीला गणपतीच्या दर्शनाला जाणार. त्यांच्या पुढाऱ्याकडे ताईचा नंबर होता, जुनी ओळख. बोटीतूनच त्याने तिला फोन केला. "मृणालीबाई, आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेत. जेट्टी लांब. बस थांबवाल का?"

"थांबवते काका. निवांत या."

ताईने लगेच लिहिलं. ‘रितेश, अकराच्या बोटीला चोवीस वयस्कर आहेत, हळू येतील, गाडी थांबव.’ आणि पाठवलं. जुन्या ग्रुपमध्ये. तिला दुसरा कुठला माहीतच नव्हता!

मला तो मेसेज आला. मी प्राप्तीच्या हातात होतो. जुन्या ग्रुपचा आवाज बंद, पण पडद्यावर आकडा चढला. प्राप्तीने तो पाहिला. उघडला नाही. पण वरची एक ओळ बाहेरूनही दिसते. ‘रितेश, अकराच्या बोटीला चो...’ इतकी दिसली. चो म्हणजे चोवीस का चोपन्न हे पुढे जाऊन बघावं लागलं असतं. ती गेली नाही.

बारा मिनिटं झाली, रितेशने नवा ग्रुप बघितला, काही नाही, गाडी काढली. म्हातारी मंडळी अर्ध्या जेट्टीवर होती. एकजण कमरेवर हात ठेवून जाणाऱ्या बसच्या मागच्या काचेकडे बघत राहिला. पुढची बस सव्वा तासाने.

सगळे खिडकीवर आले. पुढारी काका ओरडला नाही, हेच वाईट. म्हणाला, "बाई, तुमच्या शब्दावर निघालो होतो."

ताईने रितेशला फोन लावला. "का रे, वाचलं नाहीस?"

"कुठे टाकलंत ताई? मला न्हाय दिसला. आता चालवतोय, मागून बोलतो." मागून तो विसरला.

ताई आपला मेसेज उघडून बघत बसली. सगळ्यांनी वाचला की त्या दोन खुणा निळ्या होतात. त्या करड्याच होत्या. दुपारी करड्या, संध्याकाळी करड्या. हार घालायला त्रेसष्ट, आणि कामाचं वाचायला कुणी नाही, असं तिला वाटलं असणार. मला कसं कळलं? तिने एकदा तो त्रेसष्टचा ढीग वर नेला, खाली आणला, परत वर नेला. ताई यायच्या आधी प्राप्तीने केलं होतं अगदी तस्संच.

बुधवारी ताईने काही लिहिलंच नाही. लिहायचं सोडून ती काठी टेकत गेटपर्यंत चालत आली आणि तोंडी सांगून गेली. चार वेळा आली. चौथ्या वेळी पाय सुजला होता.

"ताई, तुम्ही कशाला येता?" प्राप्ती म्हणाली.

"मग काय करू? लिहिलेलं कुणी वाचत न्हाय." हसत म्हणाली, पण हसू ओठाच्या पुढे गेलं नाही.

प्राप्तीने मला इतकं घट्ट धरलं की आवाज कमी करायचं बटण दबलं.

गुरुवारी तर कहर. मोठ्या बोटीचं इंजिन कुरकुरत होतं. वली चाचांनी नव्या ग्रुपमध्ये बोलका मेसेज टाकला, ते टाईप करत नाहीत. ‘पाचची बोट सव्वापाचला निघेल, सबर करा.’ सगळ्यांनी ऐकला. खिडकीतल्या बाईने सोडून सगळ्यांनी. ती पाचची तिकिटं देत राहिली, "पळा, सुटतेय" म्हणत राहिली. माणसं पोरंबाळं ओढत धावत गेली आणि गेटवर बंद साखळीसमोर धापा टाकत उभी. एका बाईने परत येऊन खिडकीवर थाप मारली. "तुम्हाला तुमच्याच बोटीची वेळ ठाऊक नाही?"

ताईला खरंच ठाऊक नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, अरे मोबाईला, तुला लाज वाटली की नाही? वाटली. थोडी. पण जळणाऱ्याला लाज उशिरा पोचते, नेटवर्क नसल्यासारखी. मला दिसत होतं की दोनच दिवस उरलेत. शनिवारी ताई ‘झेपत नाही’ म्हणेल, माझी प्राप्ती कायम होईल, आणि निळ्या कव्हरातला मी तिच्याबरोबर खिडकीत, पंख्याखाली. कुणी काही वाईट केलं नव्हतं. फक्त एक गोष्ट करायची राहिली होती.

शुक्रवारी दुपारी, दोन बोटींच्या मधे, ताईने प्राप्तीला आत हाक मारली. "बाय, जरा बस इथे. चहा सांगितलाय."

ताईसमोर एक वही होती. शंभर पानी, कडा मळलेल्या.

"मी उद्या सरांना सांगणार, न्हाय झेपत," ताई म्हणाली. "पाय झेपतो गं. पायाचं काही न्हाय. पण सात महिन्यांत माझी सवय सुटली, का लोकांना माझी सुटली, काय कळत न्हाय. असो. तू कायम होशील. तर हे तुला माहीत असू दे, कुणी सांगितलं न्हाय तर चाचपडशील."

आणि सांगायला लागली. "दर सोमवारी नि गुरुवारी सकाळच्या पहिल्या बोटीला थळची एक मावशी येते, डायलिसिसला जाते. तिला रांगेत उभी नको करूस, तिकीट आधी फाडून ठेव. तो चष्म्यावाला वकील आहे ना, तो भांडतो, पण त्याला खिडकीकडची जागा दिली की बोलत न्हाय. वारा वायव्येचा असला की शाळेच्या सहलीला वरच्या डेकवर पाठवायचं न्हाय, पोरं ओकतात. लिहून घेतेस ना?"

प्राप्ती लिहून घेत नव्हती.

"आणि हे बघ, पहिल्या आठवड्यात तुला वाटेल की कुणी आपलं ऐकत न्हाय. मनावर घेऊ नकोस. मला विचार. माझा नंबर हाय तुझ्याकडे. कधीही विचार."

चहा आला. प्राप्तीने घेतला नाही. "आले," म्हणाली, आणि मला घेऊन बाहेर पडली. गेटच्या पुढे, जेट्टीच्या कडेला सिमेंटचा बाक आहे, तिथे जाऊन बसली. भरती होती. पाणी खांबांवर थपाथपा आपटत होतं.

आणि आता ऐका पराक्रम! तिच्या हाताला घाम आला होता. मी ठरवलं, पुरे झालं. मी सटकलो. मुद्दाम सटकलो, बाकावर आपटलो, उलटा झालो, आणि पडता पडता ‘मांडवा फेऱ्या’ उघडून, सदस्यांच्या यादीत शिरून, मृणालीताईच्या नावावर स्वतःच दाबलं. तिने मला उचललं तोवर पडद्यावर अक्षरं आली होती: ‘मांडवा ऑफिस यांनी मृणालीताई यांना जोडलं.’ आता मागे फिरायची सोय नव्हती.

प्राप्तीने डोळे मिटले, उघडले, आणि लिहायला घेतलं. तिने लिहिलं ते मला पाठ आहे.

‘मृणालीताईंना मी सोमवारी या ग्रुपमध्ये घ्यायचं होतं. सरांनी सांगितलं होतं. मी घेतलं नाही. मंगळवारी बस गेली आणि गुरुवारी वेळेचा गोंधळ झाला तो ताईंमुळे नाही, माझ्यामुळे. त्या जुन्या ग्रुपमध्ये लिहीत होत्या, आपण कुणी तिथे बघत नाही.’

त्यानंतर दुसरा मेसेज, तो तिने पिन केला. बोट सुटली की कोण लिहितं, लागली की कोण लिहितं. बस बारा मिनिटांत. वेळ बदलली की वली चाचांचा बोलका मेसेज येतो, तो ऐकायचा, कारण ते लिहीत नाहीत. गर्दीच्या वेळी कुणाला नेमकं सांगायचं तर नावाआधी @ खूण करून हाक मारायची, म्हणजे ज्याने आवाज बंद ठेवलाय त्यालाही कळतं. शेवटी: ‘आजचा दिवस ताई फक्त वाचतील. त्यांना कुणी हार घालू नका. काही विचारलं तर लगेच उत्तर द्या.’

मग केतन सर: ‘चूक माझीही. सांगून मोकळा झालो, परत विचारलं नाही.’ मग रितेश: ‘ताई, गाडी थांबवायची तर नुसतं थांब लिवा. दोन अक्षरं. मी बघतो.’ मग वली चाचांचा बोलका मेसेज, चाळीस सेकंदांचा, त्यातली तीस सेकंदं इंजिनाचा आवाज आणि शेवटी, "बेटी, मला वाटलं तू रुसलीस."

ताईकडून काही नाही.

प्राप्ती खिडकीपाशी परत गेली. ताई तीन डोळ्यांच्या मोबाईलात बघत होती. पिन केलेला मेसेज वाचत होती, ओठ हलवत.

"सोमवारीच बोलली असतीस," ताई मान वर न करता म्हणाली, "तर भांडले असते. आता पाय ठणकतोय, भांडायला उभं राहावं लागतं."

"ताई, मला खिडकी हवी होती."

"मला काय नको व्हती?"

मग ताई म्हणाली, "मी पडून होते तेव्हा रोज वाटायचं, तू कायतरी मोठा घोटाळा करशील नि सर मला म्हणतील, ताई लवकर या. सात महिने वाट बघितली. मेली एक घोटाळा करशील तर शपथ!" आणि आठवड्यातलं पहिलं खरं हसू हसली. "बस. चहा गार झाला. तसाच पी, तीच शिक्षा."

चार वाजताच्या बोटीत एक व्हीलचेअर होती. ताईने आजचा दिवस फक्त वाचायचं होतं, पण ती कुणाचं ऐकणार! ग्रुपमध्ये तिचा पहिला शब्द आला, ‘थांब.’ जेट्टीच्या टोकाकडून रितेशने दोनदा भोंगा वाजवला. ताईने काठी उचलून बाकड्यावर आपटली, टाळी वाजवल्यासारखी.

शनिवारी तिने सरांना सांगितलं, झेपतंय.

खिडकी तिची झाली. प्राप्ती गेटवर गेली, उन्हातच, पण पार्किंगवर परत नाही. गेटला माणूस लागतोच हे त्या आठवड्यात सरांनाही कळलं. कायम झाली का? नाही. हंगाम संपेपर्यंत आहे, पुढचं पुढे.

आणि माझं काय? मी आता खिडकीच्या आत, चार्जरला बांधलेला. पोट फुगलंय, वायर काढली की दहा मिनिटांत डोळे मिटतो. निळं कव्हर बसेना म्हणून काढून ठेवलं. ग्रुप सगळ्यांच्या आपापल्या फोनवर आहे, मला फक्त ‘शेवटची बोट किती वाजता’ विचारणारे येतात. त्याहून झोंबतं ते दुसरंच. त्या दोघींचं आताशा वेगळंच चालतं, दोघींचंच, एकीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर. इकडे ताई खिडकीत खुदकन हसते, तिकडे प्राप्ती गेटवर मान खाली घालून हसते, आणि काय लिहिलं ते मला दिसत नाही! जन्मात एवढा जळलो नव्हतो. कठड्यावरसुद्धा नाही.

तरी जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याकडे कुणी बऱ्याच दिवसांनी कामावर परत आलं तर हार घाला, नको कोण म्हणतंय. पण हार घातल्यावर एकाने त्याच्या शेजारी बसा, आणि आता कामाचं बोलणं कुठे चालतं ते त्याला दाखवा. मग दुसऱ्या दिवशी परत विचारा, दिसतंय ना?

आता बॅटरी चार टक्के आहे, तेव्हा खोटं कुठलं ते सांगून टाकतो. डॉल्फिनचं तुम्ही ओळखलंत. पण बाकावरचा माझा पराक्रम, तोही खोटा. मी सटकलो नाही, काही दाबलं नाही. प्राप्तीने दाबलं, आणि मी मुद्दाम अडकलो. तिने परत दाबलं, मी बंद पडलो. काळा पडदा. उठून जायला तिला तेवढं निमित्त पुरलं असतं, फोनच चालत नव्हता म्हणून सांगता आलं असतं, कुणी विचारलंही नसतं. ती बसून राहिली. मला पुन्हा सुरू व्हायला पुरी तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं तशीच बसून राहिली, आणि मग तिसऱ्यांदा दाबलं.